नफ्स, कुल्ल आणि बदल: शेवटचा स्वर पुन्हा पुन्हा का चुकतो आणि तो कसा शोधायचा

अरबी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची ही चूक दुसऱ्या वर्षापर्यंतही सुटत नाही. 'खुद्द साहेब आले' हे वाक्य तो बरोबर लिहितो, आणि 'मी खुद्द साहेबांना भेटलो' म्हणायची वेळ आली की 'खुद्द'साठी येणाऱ्या 'नफ्स'वर पुन्हा तोच उकार ठेवतो. 'ते सगळे' या अर्थाचं 'कुल्लुहुम' एकदा तोंडात बसलं की कर्ता असो, कर्म असो, शब्दयोगी असो, सगळीकडे 'कुल्लुहुम'च येतं. वही तपासणारा लाल शाईने स्वर बदलून देतो, विद्यार्थी मान डोलावतो आणि पुढच्या पानावर तेच करतो. नियम सगळ्यांना पाठ असतो: जोर देणारा शब्द आधीच्या शब्दाची विभक्ती घेतो. पण 'आधीचा शब्द' नेमका कोणता आणि त्याची 'विभक्ती' ओळखायची कशी, या दोन ठिकाणी गाडी अडते. म्हणून दुरुस्तीही त्या दोन जागीच करायला हवी.

आधी लिहिण्याची सोय सांगतो. अरबी शब्द देवनागरीत लिहिताना विभक्तीचा स्वर आडव्या रेघेने वेगळा दाखवला आहे, म्हणजे तो डोळ्यांना दिसेल. बोलताना मात्र सगळं जोडून बोलायचं. 'नफ्स-उ-हु' म्हणजे नफ्सुहु: मूळ शब्द नफ्स, विभक्तीचा उ, आणि 'हु' हे 'त्याचा' या अर्थाचं सर्वनाम. शब्दाच्या शेवटी हलन्त नसेल तर तिथला 'अ' पूर्ण उच्चारायचा, मराठीसारखा गिळायचा नाही; 'हुम', 'हिम' आणि 'सल्लमत', 'काबलत' यांच्या शेवटी मात्र 'अ' नाही. दोन शब्द जोडताना 'अल्'मधला 'अ' गळतो, पण इथे तो वाचायला सोपा जावा म्हणून तसाच ठेवला आहे.

अरबीत नामाच्या तीन अवस्था. रफ्अ म्हणजे साधारण आपली प्रथमा, तिची खूण उ. नस्ब म्हणजे साधारण द्वितीया, खूण अ. जर्र म्हणजे शब्दयोगी अव्ययानंतरची किंवा षष्ठीच्या अर्थाची अवस्था, खूण इ. निरोगी वाक्यं अशी दिसतात:

जाअ अल्-मुदीर-उ नफ्स-उ-हु. (खुद्द व्यवस्थापक आले.)
काबल्तु अल्-मुदीर-अ नफ्स-अ-हु. (मी खुद्द व्यवस्थापकांना भेटलो.)
सल्लम्तु अला अल्-मुदीर-इ नफ्स-इ-हि. (मी खुद्द व्यवस्थापकांना सलाम केला.)

तिसऱ्या वाक्यात 'हु'चा 'हि' झाला आहे. हा वेगळा नियम नाही, आधीच्या इकाराने सर्वनामाला ओढून नेलं आहे. 'हुम'चं 'हिम', 'हुमा'चं 'हिमा', 'हुन्न'चं 'हिन्न' याच कारणाने होतं; स्त्रीलिंगी 'हा' मात्र हलत नाही. 'कुल्ल-इ-हुम' असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याने विभक्ती ओळखली पण सर्वनाम बदलायला विसरला. 'कुल्ल-उ-हिम' दिसलं, तर त्याने दोन्ही अंदाजाने लिहिलं.

चूक मराठीतून कशी येते

मराठी विभक्तीचा प्रत्यय एकदाच आणि शेवटी लावते. 'माझा मित्र खालिद याला भेटलो' यात मित्र आणि खालिद दोघेही मोकळे राहिले आणि 'ला' एकट्या 'या'ला लागला. 'मुंबई शहरात' म्हणताना 'मुंबईत शहरात' असं कुणी म्हणत नाही. 'खुद्द' तर कधीच बदलत नाही: खुद्द साहेब, खुद्द साहेबांना, खुद्द साहेबांशी. 'स्वतः'ला 'ला' लावला तर अर्थच फिरतो, 'स्वतःला' म्हणजे आपल्या आपल्याला. त्यामुळे जोर देणारा शब्द स्थिर असतो अशी सवय आपल्याला घरातूनच लागलेली असते, आणि अरबीत नेमकं उलटं आहे.

एका ठिकाणी मात्र मराठी अरबीसारखी वागते, आणि शिकवताना तिथूनच सुरुवात करावी. 'मुलांना सगळ्यांना खाऊ दिला' हे वाक्य बोलून पाहा. 'सगळे' नामाच्या पुढे गेल्यावर त्याने 'ना' उचलला. 'मुलं सगळी गेली', 'मुलांना सगळ्यांना सांगितलं', 'मुलांशी सगळ्यांशी बोललो'. अरबी 'कुल्ल' हेच करतो, फक्त तो हे बोलीपुरतं नव्हे तर दर वेळी करतो. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना 'सर्वान् छात्रान्' आठवेलच. फरक एवढाच की संस्कृतात 'सर्व' स्वतः वचन आणि लिंगही घेतो, तर 'कुल्ल' नेहमी एकवचनीच राहतो आणि लिंग-वचन त्याला चिकटलेलं सर्वनाम सांभाळतं.

या व्याकरणाच्या संज्ञा ऐकून बिचकू नये, कारण त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे आधीच येऊन राहिल्या आहेत. जोर देण्याला अरबी व्याकरणात 'ताकीद' म्हणतात. मराठीत ती 'सक्त ताकीद' झाली. समानाधिकरण शब्दाला 'बदल' म्हणतात, म्हणजे एकाच्या जागी उभा राहू शकणारा दुसरा. 'कुल्ल' आपल्या कुलमुखत्यारपत्रात आहे. नफ्ससारखाच वापरला जाणारा 'ऐन' तर आपण 'ऐन वेळी' रोज उच्चारतो.

विभक्ती ओळखा, स्वर ऐकू नका

ही सगळ्यात मोठी गल्लत आहे. 'आधीच्या शब्दाची नक्कल' हे ऐकून विद्यार्थी आधीच्या शब्दाच्या शेवटचा आवाज उचलतो. साध्या एकवचनी शब्दांपुरतं ते जमूनही जातं. मग हे वाक्य येतं:

काबल्तु अल्-मुअल्लिमात-इ ... (मी सगळ्या शिक्षिकांना भेटलो.)

'मुअल्लिमात'वर इकार आहे म्हणून पुढे 'कुल्ल-इ-हिन्न' लिहिलं जातं. ते चूक आहे. 'आत'ने शेवट होणारं स्त्रीलिंगी अनेकवचन नस्बमध्ये अकार घेत नाही, इकारच घेतं, ही त्या शब्दाची घडण आहे. विभक्ती मात्र नस्बच आहे, कारण तो शब्द 'भेटलो'चं कर्म आहे. 'कुल्ल'ला अशी काही अडचण नाही. तो आपली नस्ब सरळ अकाराने दाखवतो: काबल्तु अल्-मुअल्लिमात-इ कुल्ल-अ-हुन्न. शेजारी शेजारी इ आणि अ, तरीही दोन्ही शब्द एकाच विभक्तीत.

याच्या उलटही घडतं. 'अहमद', 'मक्का' अशी नावं जर्रमध्ये इकार घेत नाहीत, अकारावर थांबतात, आणि त्यांना तन्वीनही लागत नाही. म्हणून 'सल्लम्तु अला अहमद-अ नफ्स-इ-हि' हे बरोबर आहे. तसंच 'बहस्तु अन्हु फी मक्कत-अ कुल्ल-इ-हा', म्हणजे मी त्याला सबंध मक्केत शोधलं. इथे आवाज ऐकून 'नफ्स-अ-हु' किंवा 'कुल्ल-अ-हा' लिहिलं तर 'अला'ने किंवा 'फी'ने मागितलेली जर्र नफ्स किंवा कुल्लपर्यंत पोचलीच नाही.

तिसरा गट आहे काहीच न दाखवणाऱ्या शब्दांचा. 'मूसा' तिन्ही अवस्थांत मूसाच. 'अल्-काजी' (आपला काझी) रफ्अ आणि जर्रमध्ये तसाच राहतो, नस्बमध्येच 'अल्-काजिय-अ' होतो. 'हाउलाइ' म्हणजे 'हे लोक' याच्या शेवटचा इ विभक्तीचा नाहीच, तो त्या शब्दात कायमचा आहे. म्हणून 'जाअ हाउलाइ कुल्ल-उ-हुम' बरोबर, आणि इकाराला भुलून लिहिलेलं 'कुल्ल-इ-हिम' चूक.

'ऊन' लागून होणारं पुल्लिंगी अनेकवचन आणि 'भाऊ', 'वडील' असे काही शब्द विभक्ती स्वराने नव्हे तर पूर्ण अक्षराने दाखवतात: मुअल्लिम-ऊन आणि मुअल्लिम-ईन, अख-ऊ-क, अख-आ-क, अख-ई-क. यांतलं 'मुअल्लिम-ईन' फसवं आहे, कारण ते नस्ब आणि जर्र दोन्हींना चालतं. 'काबल्तु अल्-मुअल्लिम-ईन कुल्ल-अ-हुम', पण 'सल्लम्तु अला अल्-मुअल्लिम-ईन कुल्ल-इ-हिम'. 'ईन' पाहून ठरवता येत नाही, क्रियापद आणि अव्यय पाहावंच लागतं.

या साऱ्यावर एक चाचणी पुरते. अवघड शब्दाच्या जागी मनात 'अल्-वलद', म्हणजे मुलगा, ठेवा. हा शब्द तिन्ही स्वर प्रामाणिकपणे दाखवतो. 'काबल्तु ...' पुढे वलद कसा येईल? काबल्तु अल्-वलद-अ. मग अवस्था नस्ब, आणि ताकीदीवर अ. 'फी ...' पुढे? फी अल्-वलद-इ. मग जर्र, ताकीदीवर इ. 'जाअ ...' पुढे? जाअ अल्-वलद-उ. मग उ. वलद काढून मूळ शब्द परत जागेवर ठेवा आणि ताकीदीचा स्वर तसाच राहू द्या. सुरुवातीला ही चाचणी कागदावर, समासात वलद लिहून करावी. मनातल्या मनात केली की डोळा पुन्हा शेजारच्या स्वराकडेच जातो.

आधीचा शब्द म्हणजे शेजारचा शब्द नव्हे

दुसरी गाठ अर्थाची आहे, आणि खरी मजा इथेच आहे. अरबीत 'व्यवस्थापकाचा भाऊ' म्हणताना भाऊ आधी आणि व्यवस्थापक नंतर येतो: अख-ऊ अल्-मुदीर-इ. दुसरा शब्द कायम जर्रमध्ये, पहिला वाक्यातल्या जागेप्रमाणे. आता यापुढे 'नफ्स' लावला तर तो कोणाचा?

काबल्तु अख-आ अल्-मुदीर-इ नफ्स-अ-हु. (मी व्यवस्थापकाच्या खुद्द भावाला भेटलो.)
काबल्तु अख-आ अल्-मुदीर-इ नफ्स-इ-हि. (मी खुद्द व्यवस्थापकाच्या भावाला भेटलो.)

एका स्वराने माणूस बदलला. पहिल्यात नफ्सने नस्ब घेतली, म्हणजे त्याचा धनी 'भाऊ', जो कर्म आहे. दुसऱ्यात जर्र घेतली, म्हणजे धनी 'व्यवस्थापक'. इथे चूक झाली तर ती व्याकरणापुरती राहत नाही, वाक्य वेगळंच सांगायला लागतं. म्हणून लिहिण्याआधी मराठीत स्वतःला विचारा: खुद्द कोण? उत्तर मिळालं की त्या शब्दाची विभक्ती घ्या, शेजारी कोणी का बसलेला असेना.

भाऊच जर्रमध्ये गेला तर ही खूण नाहीशी होते. 'सल्लम्तु अला अख-ई अल्-मुदीर-इ नफ्स-इ-हि' यात दोघेही जर्रमध्ये, दोघेही पुल्लिंगी एकवचनी. वाक्य शुद्ध आहे, पण खुद्द कोण ते त्यातून कळत नाही. भावाच्या जागी बहीण असती तर सर्वनामाने सोडवलं असतं: 'नफ्स-इ-हा' म्हणजे बहीण, 'नफ्स-इ-हि' म्हणजे व्यवस्थापक. दोन्ही पुरुष असतील तर रचना बदलावी, नाव घालावं, आणि वाचकाला कोड्यात टाकू नये.

स्वर न लिहिलेल्या मजकुरात ही अडचण वाढते. वर्तमानपत्रात 'नफ्सुहु', 'नफ्सहु' आणि 'नफ्सिहि' ही तिन्ही एकाच अक्षररूपात छापली जातात, त्यामुळे विभक्ती वाचकालाच बांधावी लागते. मोठ्याने वाचताना मात्र सुटका नसते. वाक्याच्या शेवटी थांबलं की साध्या नामाचा विभक्तिस्वर गळतो आणि चूक झाकली जाते. ताकीदीत विभक्तीच्या स्वरानंतर 'ह' उभा असतो, त्यामुळे थांबलं तरी 'नफ्सुह' की 'नफ्सह' की 'नफ्सिह' हे कानाला स्वच्छ ऐकू येतं. ज्यांना आपला कच्चा भाग शोधायचा आहे त्यांनी अशा वाक्यांवर मुद्दाम थांबून वाचावं.

एक वाक्य दुरुस्त करू

वहीत नेहमी सापडणारं हे वाक्य घ्या. म्हणायचं आहे: सगळ्या शिक्षिकांनी व्यवस्थापकाच्या भावाला, खुद्द अहमदला, सलाम केला. लिहिलं आहे:

सल्लमत अल्-मुअल्लिमात-उ कुल्ल-उ-हुन्न अला अख-ई अल्-मुदीर-इ अहमद-इ नफ्स-अ-हु.

पहिला अर्धा भाग ठीक आहे. शिक्षिका कर्ता, म्हणून रफ्अ, म्हणून कुल्लवर उ. 'अला'नंतर भाऊ जर्रमध्ये 'अख-ई', तेही ठीक, आणि 'अल्-मुदीर-इ' ठीक. आता 'अहमद' हा भावाचा बदल आहे. 'भाऊ' काढून त्याच्या जागी अहमद ठेवला तरी वाक्य उभं राहतं, हीच बदलाची ओळख. त्याची विभक्ती जर्र, पण अहमद जर्रमध्ये अ घेतो. म्हणून 'अहमद-इ' चूक, 'अहमद-अ' बरोबर. नफ्सवर मात्र अ लिहिलेला आहे. बहुधा विद्यार्थ्याला कुठेतरी 'अहमद-अ' असं पाठ होतं आणि नफ्सवर त्याचा आवाज उतरला. वलद ठेवून पाहा: अला अल्-वलद-इ. म्हणून नफ्सवर इ, आणि मागोमाग 'हि':

सल्लमत अल्-मुअल्लिमात-उ कुल्ल-उ-हुन्न अला अख-ई अल्-मुदीर-इ अहमद-अ नफ्स-इ-हि.

आता सलाम काढून भेट घाला: काबलत अल्-मुअल्लिमात-उ कुल्ल-उ-हुन्न अख-आ अल्-मुदीर-इ अहमद-अ नफ्स-अ-हु. 'अख-ई'चं 'अख-आ' झालं, नफ्सचा इ जाऊन अ आला. अहमद जागचा हलला नाही, कारण नस्ब आणि जर्र दोन्हीत तो अकारच दाखवतो. आणि याच कारणाने या वाक्यात शेवटचा स्वर मोलाचा ठरतो. 'नफ्स-अ-हु' असेल तर अहमद हा भाऊ आहे. तिथे 'नफ्स-इ-हि' वाचलं तर सरळ अर्थाने अहमद हे व्यवस्थापकाचं नाव ठरतं. नावाच्या शेवटी दोन्हीकडे एकच स्वर आहे, आणि अहमद कोण हे सांगण्याचं काम पुढच्या नफ्सवर पडतं.

शेवटी वाक्याच्या डोक्यावर 'इन्न' ठेवून पाहा. इन्न आपल्या पुढच्या नामाला नस्बमध्ये ढकलतो आणि कर्ता आधी आल्यामुळे क्रियापद अनेकवचनी होतं: इन्न अल्-मुअल्लिमात-इ कुल्ल-अ-हुन्न सल्लम्न अला... अर्थाने शिक्षिका अजूनही सलाम करणाऱ्याच आहेत, पण विभक्ती नस्ब, आणि कुल्ल त्या विभक्तीमागे जातो. 'कर्ता आहे म्हणजे उ' अशी सवय लागलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो.

नक्कल न करणारा नफ्स आणि कुल्ल

प्रत्येक नफ्स, प्रत्येक कुल्ल ताकीद नसतो. नामाच्या आधी आला की तो स्वतःच वाक्यातली जागा धरतो आणि पुढचं नाम जर्रमध्ये जातं. 'जाअ कुल्ल-उ अत्-तुल्लाब-इ', सगळे विद्यार्थी आले. 'काबल्तु कुल्ल-अ अत्-तुल्लाब-इ', सगळ्या विद्यार्थ्यांना भेटलो. इथे कुल्लला सर्वनाम नसतं. ताकीद असेल तर सर्वनाम हवंच, आणि ते धन्याशी जुळायला हवं: अत्-तुल्लाब-उ कुल्ल-उ-हुम. पुस्तकांसारख्या निर्जीव वस्तूंचं अनेकवचन असेल तर एकवचनी स्त्रीलिंगी सर्वनाम: अल्-कुतुब-उ कुल्ल-उ-हा.

नफ्सचा अर्थ तर जागेप्रमाणे बदलतो. 'अर्-रजुल-उ नफ्स-उ-हु' म्हणजे खुद्द तो माणूस. 'नफ्स-उ अर्-रजुल-इ' म्हणजे आजच्या वापरात 'तोच माणूस', कालचा. आणि 'लाम अल्-मुदीर-उ नफ्स-अ-हु' म्हणजे व्यवस्थापकाने स्वतःला दोष दिला. इथे नफ्स ताकीद नाही, कर्म आहे, म्हणून त्याने रफ्अची नक्कल केली नाही. शेजारी उ असताना नफ्सवर अ दिसला की लगेच चूक धरू नये, आधी 'स्वतः' की 'स्वतःला' ते पाहावं.

याचं सुंदर उदाहरण कुराणाच्या 3:154 मध्ये आहे. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या हफ्सच्या पाठात 'इन्न अल्-अम्र-अ कुल्ल-अ-हु लिल्लाहि' असं वाचतात. इन्नने अम्रला नस्ब दिली आणि कुल्लने ती घेतली: 'बाब सगळी अल्लाहची'. अबू अम्र यांच्या पाठात 'कुल्ल-उ-हु' आहे. तिथे कुल्ल ताकीद नसून नव्या छोट्या वाक्याचं उद्देश्य आहे: 'ती बाब, तिचं सगळं अल्लाहचं'. दोन्ही पाठ मान्य, दोन्ही व्याकरणाला धरून. नक्कल दिसली नाही की शब्दाची स्वतःची जागा शोधायची, हे यातून कळतं. ती जागा सापडली नाही तरच ती चूक.

सर्वनामाला जोर देताना

'मी त्यांना सगळ्यांना भेटलो' मध्ये आधीचा शब्द क्रियापदाला चिकटलेलं सर्वनाम असतो, आणि 'हुम'वरून विभक्ती दिसत नाही. पुन्हा वलदच उपयोगी. काबल्तु-हुम कुल्ल-अ-हुम, कारण कर्म. सल्लम्तु अलै-हिम कुल्ल-इ-हिम, कारण अला. बैत-उ-हुम कुल्ल-इ-हिम, म्हणजे त्या सगळ्यांचं घर, कारण 'त्यांचं' हे षष्ठीच्या जागी आहे, मग घरावर उ असला तरी.

क्रियापदातच दडलेल्या कर्त्याला नफ्सने जोर द्यायचा असेल तर मध्ये सुटं सर्वनाम घालावं लागतं: 'जाऊ हुम अन्फुस-उ-हुम', ते स्वतः आले. नुसतं 'जाऊ अन्फुस-उ-हुम' चालत नाही. कुल्लला ही अट नाही, 'जाऊ कुल्ल-उ-हुम' सरळ बरोबर. अनेकवचनी नफ्सचं रूप 'अन्फुस' आहे, 'नुफूस' नव्हे, आणि दोघांसाठीही 'अन्फुस-उ-हुमा' हेच रूढ. 'नफ्सी' म्हणजे 'मी स्वतः' यात मात्र सर्वनामाचा 'ई' विभक्तीचा स्वर गिळून टाकतो, त्यामुळे तिथे चुकायला जागाच नाही.

'दोघेही' आणि 'अज्मऊन'

दोघांसाठी किला आणि स्त्रीलिंगी किल्ता. पुढे सर्वनाम असेल तर ते विभक्ती अक्षराने दाखवतात: 'जाअ अर्-रजुलानि किला-हुमा', पण 'काबल्तु अर्-रजुलैनि किलै-हिमा'. पुढे सर्वनामाऐवजी नाम आलं तर ते गोठतात: 'जाअ किला अर्-रजुलैनि', 'काबल्तु किला अर्-रजुलैनि'. 'किलै अर्-रजुलैनि' असं कुणी लिहिलं असेल तर त्याने ताकीदीचा नियम नको तिथे नेला.

कुल्लनंतर आणखी जोर द्यायला 'अज्मऊन' येतो आणि त्याला सर्वनाम लागत नाही. कुराणाच्या 15:30 मध्ये देवदूतांविषयी 'कुल्ल-उ-हुम अज्म-ऊन' आहे, दोन्ही रफ्अमध्ये, कारण देवदूत कर्ता आहेत. नस्ब आणि जर्रमध्ये तो 'अज्म-ईन' होतो. हा बदल अक्षरात दिसतो, म्हणून स्वर न लिहिलेल्या मजकुरातही तो आधीच्या कुल्लचा स्वर उघड करतो.

बोलताना विभक्ती चटकन सुचली नाही तर नफ्स आणि ऐनसाठी एक शुद्ध आडवाट आहे. त्यांच्या आधी 'बि' लावता येतो: जाअ अल्-मुदीर-उ बि-नफ्स-इ-हि, काबल्तु अल्-मुदीर-अ बि-नफ्स-इ-हि. 'बि'मुळे नफ्स तिन्ही ठिकाणी इकारातच राहतो, अर्थ तोच. कुल्लला ही सवलत नाही, तिथे वलदच ठेवून पाहावा लागतो.